नदीच्या तोंडी गाणं लिहिताय? या चुका टाळा

प्रदूषणावरच्या गाण्यात नदी बोलायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच ती भाषण करते. ‘मी तुमची माता, मी जीवनदायिनी, नका मला मलिन करू.’ ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. अशा ओळीत दिसण्यासारखं काहीच नसतं, म्हणून आठवण्यासारखंही काही उरत नाही.

यामागे एक मूळ चूक असते. नदीला काय माहीत असू शकतं, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. ‘प्रदूषण’, ‘पर्यावरण’, ‘भावी पिढी’ हे शब्द माणसांच्या सभांमधले. नदीला कळतं ते अंगाला लागलेलं: पाणी कोमट झालं, तळाशी उजेड पोचेना, दगड बुळबुळीत झाले, वरून काहीतरी पडलं. ते कोणी टाकलं आणि कोणता नियम मोडला, हे तिला ठाऊक नाही. एवढं बंधन पाळलं तरी निम्मा उपदेश आपोआप गळतो. तिला रडवूही नका. नदीचे अश्रू ही घासून गुळगुळीत झालेली कल्पना आहे, शिवाय पाण्याने रडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

दुसरी चूक ध्रुवपदाची. संदेश ध्रुवपदात कोंबला की तो चार वेळा ऐकावा लागतो, आणि दर वेळी आणखी पोकळ वाटतो. ध्रुवपद साधं ठेवावं, शब्दही बदलू नयेत. त्याभोवतीची चित्रं बदलली की त्याच शब्दांचा अर्थ फिरतो. खालच्या गाण्यात नदी एका लहान मुलाला फक्त बोलावते आहे:

ये ना बाळा, पाय सोड ना

पाण्यामधुनी बोटे दिसती
वाळूवरती मासे फिरती
ये ना बाळा, पाय सोड ना

बंधाऱ्याशी फेस साचतो
वाऱ्यासंगे दारी येतो
ये ना बाळा, पाय सोड ना

पहाटवेळी तोंडे उघडी
मासे सारे वरती आले
ये ना बाळा, पाय सोड ना

गाळामधुनी बुडबुड येते
बोटे आता दिसत नाहीत
ये ना बाळा, पाय सोड ना

पहिल्या अंतऱ्यानंतर हे बोलावणं गोड वाटतं. चौथ्यानंतर तेच शब्द ऐकताना मुलाला मागे ओढावंसं वाटतं. ‘सावध राहा’ असं कुठेही म्हटलेलं नाही. नदी तर अजूनही लाडानेच बोलावते आहे, आणि भीती नेमकी त्यातच आहे.

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची आहे, आठ-आठ अशी तुटते, म्हणून केरव्यात सहज बसते. यमकाकडे बघा: पहिल्या अंतऱ्यात ते पक्कं आहे (दिसती, फिरती), दुसऱ्यात नुसत्या ‘तो’वर तगलेलं, तिसऱ्यापासून नाहीच. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी सुटत चाललंय हे कानाला कळतं. ‘दिसती’मधला शेवटचा ‘ई’ गायकाला हवा तेवढा लांबवता येतो. ‘नाहीत’चा ‘त’ मात्र लांबत नाही, सूर तिथे तुटतो. चाल लावणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो हौसेने ‘नाहीऽऽत’ करून त्यात करुण रस ओतेल.

आता चित्रांबद्दल, कारण सगळा भार त्यांच्यावर आहे. इथली चूक अशी की लिहिणारा ‘काळं पाणी, मेलेले मासे, प्लॅस्टिक’ अशी यादी देतो. यादीतलं काहीच डोळ्यांसमोर थांबत नाही. एका अंतऱ्याला एकच चित्र द्यावं, आणि ते खरं असावं. खरं म्हणजे नदीत तसंच, त्याच जागी, त्याच वेळी घडणारं.

माशांचंच घ्या. पाण्यात विरघळलेला प्राणवायू रात्री कमी होत जातो. उजेड नसल्याने शेवाळ आणि पाणवनस्पती तो बनवत नाहीत, उलट वापरतात. सांडपाणी मिसळलेलं असेल तर ते कुजवणारे जिवाणूही प्राणवायू खातात. म्हणून तो सगळ्यात कमी असतो सूर्य उगवायच्या सुमारास. एका लिटरमागे साधारण 5 मिलिग्रॅम असला तर बहुतेक माशांचं बरं चालतं, 2 च्या खाली गेला की ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून धापा टाकतात. ‘पहाटवेळी’ हा शब्द सुंदर दिसतो म्हणून तिथे आलेला नाही. दुपारचे धापा टाकणारे मासे लिहिले असते तर नदीकाठी राहणाऱ्याला लगेच खटकलं असतं. शिवाय ‘मासे मेले’ यापेक्षा ‘वरती आले’ जास्त बोचतं. ते अजून जिवंत आहेत.

फेसाचंही तसंच. साबण आणि डिटर्जंटमधली द्रव्यं पाण्यात उरलेली असतात, आणि पाणी उंचावरून आपटलं की त्यात हवा घुसळली जाते. म्हणून फेसाची जागा बंधारा किंवा धबधबा. संथ डोहावर फेसाचे डोंगर उभे केले तर चित्र खोटं पडतं. आणखी एक खाच: पालापाचोळा कुजूनही थोडा पिवळट फेस येतो आणि तो निरुपद्रवी असतो. गाण्यातला फेस म्हणून वाऱ्याबरोबर दारापर्यंत येतो, एवढा तो साचलेला आहे.

चौथ्या अंतऱ्यातले बुडबुडे गाळात कुजणाऱ्या द्रव्यातून येतात. तिथे प्राणवायू उरलेला नसतो, त्यामुळे मिथेन तयार होतो. सोबत सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. वासही या ओळीत घालावासा वाटेल. घालू नका. बोटं दिसेनाशी होणं हे पहिल्या अंतऱ्यातल्या चित्राला दिलेलं उत्तर आहे, मध्ये वास आला की ते उत्तर ऐकूच येणार नाही.

गाणं लिहून झालं आणि तरी उपदेशाचा वास येत असेल, तर दोष बहुतेक वेळा अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत सापडतो. चित्र रंगवून झालं की हात आपसूक त्याचं स्पष्टीकरण लिहून जातो: ‘मासे सारे वरती आले, माणसा तुझे हे पाप’. ती ओळ खोडून उरलेलं मोठ्याने वाचा. अर्थ तसाच पोचत असेल तर ओळ फुकटची होती. पोचत नसेल तर स्पष्टीकरण परत आणू नका, चित्र बदला. मग विषय न सांगता कोणाला तरी गाणं ऐकवा आणि ‘काय दिसलं?’ एवढंच विचारा. उत्तर ‘नदी स्वच्छ ठेवली पाहिजे’ असं आलं तर कुठेतरी भाषण शिल्लक आहे. ‘ते मूल उतरलं का शेवटी?’ असा उलटा प्रश्न आला तर काम झालं.

याच्या उलट चूकही होते, पण क्वचित: उपदेशाच्या भीतीने गाणं इतकं धूसर करायचं की ते विरहगीत वाटावं. निदान एक चित्र असं हवं जे फक्त घाण पाण्यातच घडतं. इथे ते काम दारापर्यंत येणारा फेस करतो.

राहता राहिले आयोजक. नदीच्या कार्यक्रमासाठी गाणं असेल तर कोणीतरी ‘शेवटी एक संदेश हवाच’ म्हणतं. वाद घालू नका. तो संदेश निवेदकाला गाण्याआधी बोलायला द्या, छान दोन वाक्यं लिहूनही द्या. गाण्यानंतर मात्र त्याला निदान अर्धा मिनिट गप्प बसवा, आणि हे आधीच कबूल करून घ्या, कारण माईक हातात आला की निवेदक ऐकत नाहीत.