दिवाळीच्या मालाची ऑर्डर कधी टाकायची? या चुका टाळा

रॅक रिकामा दिसला की फोन उचलायचा, ही सवय आधी सोडा राव. एरवी खपून जातं, कारण गाडी चार दिवसात येते. दिवाळीत सगळ्या सांगलीची ऑर्डर एकदमच पडते आणि तीच गाडी आठ दिवस लावते.

आमच्या विश्रामबागेतल्या एका नव्या दुकानदाराचं बघा. पातळ पोहे रोज 5 किलो खपायचे, 30 किलो उरले की ऑर्डर, म्हणजे चार दिवसांचा माल अन् वर दोन दिवसांची सोय. एरवी हिशोब बरोबर. वसुबारसेच्या आठ दिवस आधी 30 वर आल्यावर त्यानं ऑर्डर टाकली, पण तोवर खप रोज 20 वर गेलेला, दीड दिवसात डबा खाली. बरं नुसते पोहे गेले असं नाही, बायका यादी घेऊन येतात, पोहे नाहीत म्हटल्यावर बेसन, रवा, डालडा, सगळी यादीच पुढच्या दुकानात गेली. माल आला तेव्हा घरोघरी चिवडा करून झालेला.

त्याला मी म्हटलं, आजचा खप धरू नको, माल येईपर्यंत जो होणाराय तो धर. आठ दिवस गुणिले 20 म्हणजे 160, वर तीन दिवसांचे 60, म्हणजे हंगामात 220 किलोवर असतानाच फोन. जागा नसेल तर दोन खेपांत मागवा, पण ऑर्डर टाकलेला अन् अजून न आलेला माल शिल्लकीत धरा, नाहीतर घाबरून डबल ऑर्डर जाते.

आणि हा 220 चा आकडा शेवटपर्यंत ओढायचा नाही. वसुबारसेनंतर पोचेल असा माल रोजच्या 5 किलोच्याच हिशोबानं मागवा, फराळाचा खप तिथं संपतो. उरलेले पोहे मऊ पडतात मग.

तारखेवरून ऑर्डर टाकणारे तर दरवर्षी भेटतात, 'गेल्या वर्षी पाच ऑक्टोबरला टाकलेली' म्हणे. अहो 2025 ला लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे 8 नोव्हेंबरला. मी वसुबारसेपासून उलटे दिवस मोजतो, आणि कॅलेंडरच्या मागं ऑर्डर कधी टाकली, माल रॅकवर कधी लागला एवढंच लिहितो. ॲपवाले पोरं हसतात, हसू देत, पण त्यांच्या ॲपमध्ये गाडीचे दिवस बाराही महिने चारच भरलेले असतात.

'उद्या गाडी निघतीय' हे सेल्समनचं वाक्य हिशोबात धरू नका.

अन् मागचं बिल थकवलं असेल तर दिवस मोजूच नका, आधी ते भागवा, सीझनला थकबाकीवाल्याचा माल शेवटी भरतात.