बेचाळीस चेहरे, एकच उजेड : दहावीच्या निरोप समारंभाचे कोलाज कसे करावे

कोलाजमधला एखादा चेहरा ‘चिकटवलेला’ दिसतो, तेव्हा दोष बहुधा कापण्यात नसून उजेडात असतो. एका मुलावर डावीकडच्या खिडकीचा उजेड, शेजारच्या मुलीवर डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा आणि तिसऱ्यावर मोबाइलच्या फ्लॅशचा असेल, तर कडा कितीही सफाईने कापल्या तरी हे तिघे एकमेकांना खेटून उभे आहेत हे डोळ्याला पटत नाही. पहिल्या वर्षी मी विद्यार्थ्यांकडून घरचेच फोटो मागवले होते आणि नंतर चार रात्री रंग जुळवत बसलो, तरीही ते कोलाज वर्तमानपत्राच्या कात्रणांसारखेच दिसले. तेव्हापासून फोटो शाळेतच, एका जागी आणि एका दिवसात काढायचे असा नियम केला आहे. पुढचे उदाहरण ४२ विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे आहे. छपाई ३६ इंच रुंद व २४ इंच उंच असून संगणकावरचे काम GIMP या मोफत प्रणालीत केले आहे.

उजेडाची जागा

निरोप समारंभ साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत होतो. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे उत्तरेकडे उघडा असलेला व्हरांडा दिवसभर सावलीत राहतो आणि तिथे मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड मिळतो. विद्यार्थ्याला अशा रीतीने उभे करावे की व्हरांड्याची उघडी बाजू त्याच्या उजव्या हाताला आणि थोडी पुढे येईल, म्हणजे फोटोत सगळ्यांवर उजेड डावीकडून पडेल. दुसऱ्या बाजूला शाळेची पिवळी किंवा गुलाबी भिंत असल्यास तिचा रंग गालावर उतरतो. त्यासाठी त्या बाजूला एक पांढरी चादर टांगावी. तिच्यामुळे रंगाची झाक अडते आणि चेहऱ्याची सावलीकडची बाजूही थोडी उजळते.

पाठीमागे फिकट राखाडी कापड लावावे. पांढऱ्या कापडासमोर पांढऱ्या शर्टाची कडाच हरवते, तर हिरव्या कापडाची छटा शर्टाच्या बाह्यांवर चढते आणि नंतर निघत नाही. विद्यार्थी कापडापासून निदान दीड मीटर पुढे असावा. पायांची जागा खडूने आखून ठेवावी, आणि तिच्यापासून सुमारे दोन मीटरवर मोबाइल तिपाईला लावून दुप्पट झूमवर ठेवावा. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. असा एक चेहरा इतर ४१ चेहऱ्यांत लगेच वेगळा पडतो. तिपाईची उंची मात्र प्रत्येकाच्या हनुवटीप्रमाणे वरखाली करावी. उंच मुलाचा फोटो खालून आणि ठेंगण्याचा वरून निघाला, तर पुढे दोघे एका रांगेत बसत नाहीत.

पहिल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर पडद्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक मोबाइलमध्ये फोकस व उजेडाचे माप तिथेच बांधले जाते. पांढरा शर्ट हा या कामातला खरा अडथळा आहे, कारण चेहरा उजळ करण्याच्या नादात शर्ट सपाट पांढरा होतो आणि कॉलरची शिवणही दिसेनाशी होते. कॉलर स्पष्ट दिसेपर्यंत उजेडाचे माप खाली आणावे. किंचित काळपट फोटो नंतर सुधारता येतो, उडालेला पांढरा रंग परत आणता येत नाही.

हजेरी क्रमांकाचा कागद

प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन फोटो घ्यावेत. पहिल्यात त्याने हनुवटीखाली एक पांढरा कार्डशीटचा तुकडा धरावा आणि त्यावर त्याचा हजेरी क्रमांक असावा. दुसरा फोटो कागदाविना, जो कोलाजमध्ये जाईल. क्रमांकामुळे फोटोंची सरमिसळ होत नाही, पण कागदाचा मोठा उपयोग रंग जुळवण्यासाठी आहे. सगळे तुकडे एकाच कार्डशीटचे असल्यामुळे, मधेच ढग आला किंवा दुपार कलली तर किती फरक पडला हे त्या कागदावरून आकड्यांत कळते.

यासाठी शर्टाचा आधार घेणे सोपे वाटते, पण तो फसवा आहे. एकाच्या शर्टाला नीळ दिलेली असते, दुसऱ्याचा तीन वर्षे धुऊन पिवळसर झालेला असतो, आणि हे दोन्ही शर्ट एकसारखे पांढरे करू गेल्यास एकाचा चेहरा तांबूस व दुसऱ्याचा निळसर होतो. चेहऱ्याचा आधार घेणे तर त्याहून वाईट. सर्वांवरचा उजेड सारखा करायचा आहे, सर्वांचे वर्ण सारखे करायचे नाहीत. सावळ्या मुलीला शेजारणीच्या रंगावर आणून ठेवणारे कोलाज तांत्रिकदृष्ट्याही चुकलेलेच असते, कारण तिच्या चेहऱ्याबरोबर तिच्या शर्टाचा उजेडही बदलतो.

आकडे जुळवणे

कागदाचा पांढरा भाग तिन्ही रंगांत २२५ असावा, असे उद्दिष्ट आपण ठरवले. समजा, १७ क्रमांकाच्या कागदावर रंगनिवडीचे साधन ठेवल्यावर लाल २१४, हिरवा २२१ आणि निळा २३६ असे आकडे आले. म्हणजे त्या वेळी उजेड थोडा कमी आणि निळसर होता. आता `Colors` मधून `Levels` उघडून एकेक रंग स्वतंत्रपणे निवडावा. आकडा २२५ पेक्षा कमी असेल, तर वरच्या पट्टीवरचे पांढरे टोक खाली आणावे, आणि ते किती आणायचे याचा हिशेब असा :

```
लाल    : 214 × 255 ÷ 225 = 243
हिरवा  : 221 × 255 ÷ 225 = 250
```

निळा आकडा मात्र जास्त आहे, म्हणून त्याच्यासाठी खालच्या पट्टीचे, म्हणजे `Output Levels` चे, पांढरे टोक २२५ × २५५ ÷ २३६ म्हणजे २४३ वर आणावे. ही दुरुस्ती नाव देऊन साठवावी आणि त्याच विद्यार्थ्याच्या दुसऱ्या, कागदाविना काढलेल्या फोटोला लावावी. लागोपाठच्या दहाबारा मुलांचे आकडे एकदोन अंकांच्या फरकाने सारखेच येत असतील, तर सर्वांना एकच दुरुस्ती चालते. हे काम कापण्याआधीच करावे, कारण कापलेल्या तुकड्यावर रंग बदलल्यास कडेचा पुसट भाग वेगळा उमटतो.

कापणे

शर्टाच्या कडेसाठी `Paths` साधनाने कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून रेघ न्यावी, तिची निवड करून एक पिक्सेल मऊ करावी आणि तिचा लेअर मास्क बनवावा. खोडरबर वापरू नये. मास्क चुकला तर पांढऱ्या ब्रशने गेलेला भाग परत येतो. केसांना रेघ लावू नये, कारण रेघेने कापलेले केस टोपीसारखे दिसतात. केसांच्या बाहेर बोटभर जागा ठेवून मऊ ब्रशने मास्कवर हळूहळू आत यावे आणि उडणारे एकटे केस सोडून द्यावेत. एकावर एक रचलेल्या कोलाजमध्ये पुढच्या रांगेतले केस मागच्याच्या पांढऱ्या शर्टावर येतात, त्यामुळे फिकट राखाडी कापडाची राहिलेली किनार तिथे जवळजवळ विरून जाते. म्हणून सगळा वेळ मागच्या रांगेतल्या केसांना द्यावा, कारण तिथे खरी पार्श्वभूमी दिसते.

रचना

इंचाला १५० पिक्सेल धरले, तर पट ५४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. प्रत्येकाचे डोके, हनुवटीपासून माथ्यापर्यंत, ३८० पिक्सेल उंच करावे. छापल्यावर ते सुमारे अडीच इंच येते. सर्वांचे माप एकच असावे, कारण पालक हे बोटाने मोजून पाहतात!

रांगा मागून पुढे ११, १०, ११ आणि १० अशा घ्याव्यात. अकराच्या रांगेतला पहिला चेहरा डाव्या कडेपासून ४५० पिक्सेलवर आणि पुढचे प्रत्येकी ४५० च्या अंतराने. दहाची रांग ६७५ पासून सुरू होते, म्हणजे तिचा प्रत्येक चेहरा मागच्या दोघांच्या मधोमध येतो. खांदे साधारण ७०० पिक्सेल रुंद भरतात, त्यामुळे शेजाऱ्यांचे खांदे चांगलेच एकमेकांवर चढतात, पण चेहरे मोकळे राहतात. माथ्यांची उंची पटाच्या वरच्या कडेपासून ८००, १३५०, १९०० आणि २४५० ठेवावी. वरची रिकामी पट्टी तुकडी व वर्ष लिहिण्यास पुरते. पुढच्याचा माथा मागच्याच्या हनुवटीच्या खाली राहिला पाहिजे. एखादा माथा मागच्याच्या गालावर चढला, तर उंच केसांमुळे तसे झाले आहे का ते पाहावे आणि त्या विद्यार्थ्याला सर्वांत मागच्या रांगेत पाठवावे.

एका रांगेत कोण कोणावर यावे, याचा निर्णयही उजेडावरून होतो. उजेड डावीकडून आहे, तेव्हा डावीकडचा विद्यार्थी वरच्या लेअरवर असावा, म्हणजे त्याची सावली उजव्या शेजाऱ्याच्या खांद्यावर पडते. ही सावली `Drop Shadow` ने द्यावी : उजवीकडे १२, खाली १६, धूसरपणा २५ पिक्सेल, आणि गडदपणा ३५ टक्क्यांच्या आसपास. तिचा रंग शुद्ध काळ्याऐवजी गडद तपकिरी ठेवावा. पांढऱ्या शर्टावर काळी सावली काजळीसारखी दिसते.

त्या दिवशी गैरहजर असलेले

दोघे-तिघे नेहमीच राहतात. त्यांना शक्यतो दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खडूच्या खुणेवर उभे करावे. तेही शक्य नसेल, तर घरून मागवलेला फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा, नाहीतर तो दाबला जाऊन लहान होतो. असा फोटो आला की नाकाची सावली कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे. सावली उलट बाजूला असल्यास फोटो आरशासारखा उलटवण्याचा मोह होतो. पण मग शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, बिल्ल्यावरची अक्षरे उलटी होतात आणि केसांचा भांग बदलतो. त्या मुलाला स्वतःला हे खटकणार नाही, कारण तो स्वतःला रोज आरशातच पाहतो, पण मित्रांना लगेच खटकते. त्यापेक्षा फोटो न उलटवता उजळ गाल थोडा मंद करावा, काळोखा गाल थोडा उजळावा आणि त्याला मागच्या रांगेत उजव्या टोकाला जागा द्यावी. फ्लॅशने काढलेल्या फोटोला असा इलाज नाही. तो परत मागवावा.

छपाईपूर्वी

संपूर्ण पट छापण्याआधी मधला ९०० बाय ६०० पिक्सेलचा तुकडा कापून जवळच्या स्टुडिओतून ६ बाय ४ इंचांचा फोटो काढून घ्यावा. माप तेच असल्यामुळे कडा, सावल्या आणि त्वचेचे रंग जसे छापले जातील तसेच या फोटोत बऱ्याच अंशी दिसतात, आणि खर्च काही रुपयांचाच येतो. मोठी छपाई दुसऱ्या यंत्रावर होणार असेल, तर तिथूनही असाच तुकडा मागावा. नमुना दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहावा. त्यात शर्ट कागदाइतकेच कोरे दिसले, तर पूर्ण पटाचा उजेड थोडा उतरवावा. शेवटी लेअरना दिलेले हजेरी क्रमांक १ ते ४२ वर्गशिक्षकांसमोर एकेक वाचून चेहऱ्यांशी ताडून घ्यावेत आणि मगच फाइल छपाईला द्यावी.