नव्या फोनवर नेट नाही? फोनला शिव्या देण्याआधी ई-सिम बघा

सोमवारी सकाळी नौपाड्यातल्या आमच्या दुकानाचं शटर अर्धं वर असतानाच कुणीतरी येतं. "नवीन फोन आहे, नेटच नाही, पीस खराब दिलात." फोन ठणठणीत असतो. शनिवार-रविवार घरचं वायफाय असतं म्हणून काही कळत नाही. सोमवारी रिक्षावाल्याला पैसे पाठवताना गोल फिरत राहतं, तेव्हा जाग येते.

फोटो, कॉन्टॅक्ट, अ‍ॅप्स नव्या फोनवर आली म्हणजे सिमही आलं, असं लोक धरून चालतात. ई-सिम म्हणजे कार्डाशिवायचं सिम, आणि त्याचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या नंबरची माहिती, बॅकअपमधून येत नाही. ते फोनमधल्या चिपवर उतरवावं लागतं, आणि त्या चिपला 32 आकडी ईआयडी असतो. कंपनीच्या दप्तरी तुमचा नंबर जुन्याच ईआयडीला जोडलेला राहतो. काही फोन सेटअपमध्येच ई-सिम हलवायचं का विचारतात, पण तिथे "नंतर" दाबून पुढे पळणाऱ्यांना काय म्हणावं!

मी आधी सिमची यादी उघडतो. तिथे तुमची लाइन नसेल तर प्रोफाइल उतरलेलंच नाही. लाइन आहे पण बंद दिसते, तर आयफोनवर `Turn On This Line`, बऱ्याच अँड्रॉइडवर `Use SIM` चालू करायचं. कॉल लागतो पण नेट नाही, तर मोबाइल डेटा दुसऱ्या सिमवर लावलेला असतो. एवढं बघायला मिनिटभर लागतं, तरी लोक आधी फोन रीसेट करून येतात.

सगळ्यात महागात पडते ती घाई जुना फोन पुसण्याची. कोलबाडच्या एका काकांनी एक्स्चेंजवाला दारात उभा म्हणून जुना फोन पुसला आणि ई-सिमही काढून टाका म्हणून हो दाबलं. नव्या फोनवर प्रोफाइल उतरलेलं नव्हतं. म्हणजे नंबर चालू, पण कुठल्याच फोनमध्ये नाही. नवं ई-सिम मागायला ओटीपी हवा, आणि तो येणार त्याच नंबरवर! शेवटी आधार घेऊन कंपनीच्या दुकानात गेले, केवायसी झालं, नेट आलं. पण सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे बँकेचा ओटीपी येईना आणि गृहकर्जाचा हप्ता त्याच दिवशी भरायचा होता. काकू काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

म्हणून नव्या फोनवर वायफाय बंद करून एक पान उघडल्याशिवाय आणि एक कॉल लावल्याशिवाय मी कुणाला जुना फोन पुसू देत नाही. एक्स्चेंजवाला थांबतो, नाहीतर उद्या येतो.

जुन्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट पुन्हा स्कॅन करू नका, तो बहुतेकदा एकदाच चालतो. एपीएनला, म्हणजे कंपनीच्या नेटच्या सेटिंगला, हात लावू नका. कंपनीला ईआयडी हवा असेल तर नव्या फोनवर `*#06#` दाबा, जुन्या फोनचा पाठवू नका. आणि प्रोफाइल उतरेपर्यंत वायफायजवळच बसा, प्लॅटफॉर्मवर उभं राहून हे होत नाही.