बजेट बाराने भागू नका, तिथीने वाटा

इंदूरला राजवाड्याजवळ साड्यांचं दुकान आहे, वर्षाच्या विक्रीचं बजेट ६० लाख, असं धरू. बाराने भागलं तर महिन्याला ५ लाख येतात. मग जुलैत उगाच घाबरायला होतं आणि दिवाळीत कमी विक्रीही भरघोस वाटते. त्यापेक्षा मागच्या तीन वर्षांच्या वह्यांतून प्रत्येक महिन्याचा टक्का काढा. दिवाळीआधीच्या तीस दिवसांचा वाटा २५ टक्के निघाला, तर त्यांचं बजेट १५ लाख.

फक्त हा टक्का ऑक्टोबरला चिकटवू नका. २०२५ची दिवाळी ऑक्टोबरात होती. २०२६मध्ये अधिक मासामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणून लक्ष्मीपूजनापासून मागे दिवस मोजा. माल भरायचे पैसेही त्याआधीच्या महिन्यांत दाखवा. भाडं-पगार मात्र खुशाल बाराने भागा.