शब्दमर्यादा मोडणारे निबंध तपासताना या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या एका संस्थेच्या आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धेचे निबंध मी काही वर्षं तपासते आहे. मर्यादा 800 शब्दांची आणि वर दहा टक्के सूट, म्हणजे 880 पर्यंत चालतं. तरी दरवर्षी गठ्ठ्यात एखादा बाराशेचा आणि एखादा चारशेचा निबंध निघतोच. पहिल्या वर्षी मी लांबलेले सगळे निबंध सरळ बाजूला काढले. पुढच्या वर्षी मन मऊ झालं आणि सगळे शेवटपर्यंत वाचले. दोन्ही वर्षी निकाल चुकला, असं आता वाटतं.

न मोजताच ठरवणं

"चार पानं आहेत, म्हणजे जास्तच असणार" हा अंदाज बारीक अक्षरावर आणि मोठ्या अक्षरावर सारखा लागू होत नाही. हस्तलिखितात मी मधल्या पानावरच्या तीन भरलेल्या ओळी मोजते, सरासरी काढते आणि एकूण ओळींनी गुणते. ओळीत 9 शब्द आणि 92 ओळी असतील तर साधारण 828. आकडा 880 च्या जवळपास आला तरच पेन्सिलीने एकेक शब्द मोजायचा. एरवी तेवढा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

टाइप केलेल्या निबंधात वर्ड आकडा देतं खरं, पण ते दोन जागांमधल्या अक्षरगटाला शब्द समजतं. मराठीत याचा मोठा घोटाळा होतो, कारण आपले विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात. 'पावसामुळे पुण्यातल्या रस्त्यांवर' हे तीन शब्द. हेच कुणी 'पावसा मुळे पुण्या तल्या रस्त्यां वर' असं तोडून लिहिलं, की झाले सहा. 'आई-वडील' एक मोजला जातो आणि 'आई - वडील' तीन, कारण सुटी आडवी रेघसुद्धा शब्द म्हणून धरली जाते. मोबाईलवर टाइप करणाऱ्या मुलांच्या लेखनात अशा फटी फार. म्हणून 900 च्या आसपासचा निबंध मर्यादेबाहेर आहे असं म्हणण्याआधी त्यातली अशी तोडमोड बघावी. तोडलेल्या शब्दांचे गुण शुद्धलेखनात जायचे ते जातील, पण त्यासाठी मर्यादेची शिक्षा नको.

शीर्षक, उद्धृतं आणि तळटीपा मोजायच्या की नाही, हे मात्र स्पर्धेच्या सूचनापत्रकातच असायला हवं. वर्डच्या मोजणीच्या खिडकीत `Include textboxes, footnotes and endnotes` असा एक चौकोन असतो. दोन परीक्षकांपैकी एकाकडे त्यावर खूण असली आणि दुसऱ्याकडे नसली, तर एकाच निबंधाचे दोन आकडे येतात आणि मग उगाच वाद होतो.

लांबलेला निबंध पूर्ण वाचून गुण देणं

मागे विषय होता 'माझी मुठा'. एका मुलीचा निबंध भरला 1184 शब्द. सुरुवात 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराने. धरण फुटलं, पाणी पेठांत शिरलं, आजीने काय सांगितलं, असं सगळं तीनशेच्या वर शब्दांत. मग खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल कसा पाण्याखाली जातो, त्याचं वर्णन. 'माझी' मुठा, म्हणजे तिचं स्वतःचं निरीक्षण आणि तिचं म्हणणं, साधारण 900 व्या शब्दापासून पुढे सुरू झालं. आणि तोच भाग गठ्ठ्यातला सगळ्यात सुंदर होता!

माझे सहपरीक्षक म्हणाले, "मॅडम, शेवट वाचा हो, अन्याय होईल पोरीवर." मी वाचलाच होता, ती माझी चूक. एकदा वाचलं की ते डोक्यातून जात नाही. पण त्याच गठ्ठ्यात 874 शब्दांचा एक निबंध होता. लकडी पुलावरून बघितलेल्या नदीवर, फक्त एका संध्याकाळवर लिहिलेला. त्या मुलाने किती छाटलं असेल कुणास ठाऊक, पण छाटलं होतं हे वाक्यावाक्यात दिसत होतं. पहिलीला 304 शब्द जादा वापरायला देऊन दोघांची तुलना केली, तर अन्याय या मुलावर होतो.

आता आम्ही असं करतो. आयोजक आधी मोजतात आणि 880 व्या शब्दानंतर समासापासून समासापर्यंत रेघ मारतात. परीक्षक रेघेपर्यंतच वाचतो. शब्द वाक्याच्या मध्यात आला, तर ते वाक्य पूर्ण होऊ देतात. त्या मुलीच्या निबंधाला ही पद्धत लावली असती, तर आशयाला 20 पैकी 11, भाषेला 20 पैकी 15 आणि बांधणीला 10 पैकी 3 मिळाले असते, कारण रेघेआधी समारोपच नव्हता. म्हणजे 50 पैकी 29.

एकाच चुकीला दोनदा शिक्षा

रेघ मारली, समारोप गेला, बांधणीचे गुण गेले. त्यावर पुन्हा 'मर्यादा मोडली' म्हणून 5 गुण कापले, तर 29 चे 24 होतात आणि विद्यार्थ्याने एकाच गोष्टीची किंमत दोनदा मोजलेली असते. आमच्या जुन्या गुणपत्रकात मर्यादेसाठी 5 गुणांचा वेगळा रकाना होता. तो आम्ही काढून टाकला. रेघ तरी मारा, नाहीतर गुण तरी कापा.

वर्गातल्या स्वाध्यायाला मी रेघ मारत नाही. तिथे कुणाची कुणाशी स्पर्धा नसते. निबंध परत देते आणि सांगते, "तीनशे शब्द काढून सोमवारी आण." काय काढलं यावरून विद्यार्थ्याला स्वतःचा मुद्दा कळला आहे की नाही, ते समजतं. बहुतेक जण प्रत्येक वाक्यातलं एखादं विशेषण उडवतात आणि पानशेत तसंच ठेवतात.

कमी शब्दांचे वेगळे गुण कापणं

तोकड्या निबंधाला रेघ मारता येत नाही, म्हणून परीक्षकाला गुण कापायची घाई होते. त्याची गरज नसते. 417 शब्दांत उदाहरणं नसतील, मुद्दा पुढे गेला नसेल, तर आशयाचे गुण आपोआप कमी पडतात. 640 शब्दांत सगळं म्हणून झालं असेल, तर मी पूर्ण गुण देते. खालची मर्यादा सूचनापत्रकात स्पष्ट लिहिलेली असेल, तर मात्र ती पाळायलाच हवी. 'सुमारे 800' एवढंच असेल, तर परीक्षकाने मनातल्या मनात 700 ची अट घालू नये.

त्याआधी एक तपासून घ्यावं. शेवटचं वाक्य अर्धं आहे का? नवा मुद्दा सुरू होऊन तिथेच तुटला आहे का? दोन वर्षांपूर्वी 390 शब्दांचा असाच एक निबंध 'परंतु नदीपात्रातल्या' इथे संपला होता. मी 'अपूर्ण' असा शेरा मारून मोकळी झाले. निकालानंतर तो मुलगा मूळ कागद घेऊन आला. त्याने चार पानांचे फोटो पाठवले होते आणि संस्थेत छापणाऱ्याने पहिली दोनच पानं काढली होती. आता प्रत्येक तोकड्या निबंधासाठी मी आधी कार्यालयात फोन करते आणि विचारते, मूळ फाइलमध्ये पानं किती आहेत?