स्क्रीनचा नंबर आणि मेन डिस्प्ले: मालवणच्या गल्ल्यावर झालेली चूक

मालवणला भाच्याची खानावळ आहे. गल्ल्यावर एक मॉनिटर, उजवीकडे गिऱ्हाईकाला बिल दिसावं म्हणून दुसरा, आणि डावीकडच्या भिंतीवर मेनू दाखवणारा टीव्ही. तिन्ही एकाच कॉम्प्युटरला. परवा त्याचा फोन आला, "मामा, बिल टीव्हीर कित्याक उघडता?"

झालं होतं असं. गल्ल्यावरच्या मॉनिटरला विंडोजने २ नंबर दिला होता. समोरचा तो एक नंबरच हवा, म्हणून पठ्ठ्याने मागच्या वायरी अदलाबदल केल्या. इथेच बहुतेकजण फसतात. हा नंबर म्हणजे विंडोजने स्क्रीनला ओळखण्यापुरती लावलेली चिठ्ठी, मानाचा क्रम नव्हे. दोन नंबरची स्क्रीनही मेन असू शकते. उलट वायर दुसऱ्या पोर्टला गेली की विंडोजला ती नवीन मांडणी वाटते आणि आधीची निवड लागू होईलच असं नाही. त्याच्याकडे मेनपद टीव्हीला गेलं, म्हणून बिल तिथे उघडू लागलं.

वायरी जिथे आहेत तिथेच राहू दे म्हटलं. `Win+I` दाबून `System`, मग `Display` उघडायचं. सेटिंगची खिडकीच टीव्हीवर उघडली तर `Win+Shift` धरून डावा-उजवा बाण दाबला की ती शेजारच्या स्क्रीनवर येते. मग `Identify` दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा नंबर उमटतो. गल्ल्यावर २, गिऱ्हाईकासमोर १, टीव्हीवर ३. आता २ च्या चौकोनावर क्लिक करून खाली `Multiple displays` मध्ये `Make this my main display` वर टिक करायची. टिक आधीच असून पुसट दिसत असेल, तर ती स्क्रीन मेनच आहे. पुष्कळजण आधी चौकोन निवडतच नाहीत आणि भलत्याच स्क्रीनला टिक करून बसतात.

दुसरी चूक चौकोन लावण्याची. ते १, २, ३ असे ओळीत सुबक दिसले म्हणून तसेच ठेवायचे नाहीत. टीव्ही डावीकडे, म्हणून चौकोन ३, २, १ असे ओढून `Apply`. नाहीतर माऊस डावीकडे नेला की बाण उजवीकडच्या स्क्रीनवर निघतो. टीव्ही उंच टांगलाय म्हणून ३ थोडा वर सरकवला तरी चालतो, पण जिथे कडा एकमेकींना भिडत नाहीत तिथे बाण अडू शकतो.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. रात्री लाईट गेली, सकाळी टीव्ही बंद असतानाच कॉम्प्युटर चालू केला, तर बिल गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवर. विंडोज जोडलेल्या स्क्रीनच्या प्रत्येक संचाची मांडणी वेगळी लक्षात ठेवतं. तिघांची लावली होती, दोघांची राहिली होती. टीव्ही बंद ठेवूनच पुन्हा तीच टिक करायला सांगितली.

सुरुवातीचा कंपनीचा लोगो अजून टीव्हीवरच येतो. ते ग्राफिक्स कार्ड आणि बायोस ठरवतात, विंडोजच्या टिकेने बदलत नाही.