फिनॉल-पाणी प्रयोग: आलेखावरून सीएसटी वाचताना या चुका टाळा

सीएसटी म्हटलं की मुंबईकराला स्टेशन आठवतं, पण बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये ते अंशतः मिसळणाऱ्या द्रवांचं क्रांतिक द्रावण तापमान असतं. त्याच्या वर फिनॉल आणि पाणी कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. शुद्ध फिनॉल-पाण्यासाठी ते सुमारे 66 अंश सेल्सिअस, आणि मिश्रणात फिनॉल वजनाने साधारण 34 टक्के.

प्रयोगात वेगवेगळ्या प्रमाणांची मिश्रणं तापवून प्रत्येकाचा गढूळपणा जाण्याचं तापमान फिनॉलच्या टक्केवारीसमोर मांडतात. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तक्त्यातलं सर्वांत मोठं तापमान उचलून तेच उत्तर म्हणून लिहिणं. त्या नेमक्या प्रमाणाचं मिश्रण तुम्ही बनवलेलं असेलच असं नाही. बिंदूंमधून गुळगुळीत वक्र काढा आणि त्याचा माथा वाचा. बिंदूला बिंदू पट्टीने जोडू नका.

माथ्याचं तापमान सहज मिळतं, प्रमाण मात्र दगा देतं, कारण वक्र तिथे चांगलाच सपाट असतो. प्रमाण पाच टक्क्यांनी इकडेतिकडे झालं तरी तापमान जेमतेम हलतं. म्हणून प्रमाण नजरेने ठरवू नका. 20 अंशांना आडवी रेघ ओढली तर ती वक्राला सुमारे 8.4 आणि 72.2 टक्क्यांवर छेदते, मध्य 40.3. 50 अंशांना 11.8 आणि 62.6, मध्य 37.2. हे मध्यबिंदू जवळपास सरळ रेषेत पडतात. ती रेषा 66 अंशांपर्यंत वाढवली की प्रमाण 35 च्या आसपास येतं.

आता एक फसवी केस. तापमान 66 आलं, पण माथा 42 टक्क्यांवर! अशा वेळी आलेखाशी झटापट करण्याआधी फिनॉलची बाटली पाहा. पातळ केलेल्या फिनॉलमध्ये आधीच पाणी असतं. ते 80 टक्के असेल, तर 5 ग्रॅममध्ये फिनॉल 4 ग्रॅमच. त्यात 10 ग्रॅम पाणी घातलं की खरं प्रमाण 4/15, म्हणजे 26.7 टक्के. तुम्ही मात्र 33.3 मांडलेलं असतं. 34 ला 0.8 ने भागून पाहा, 42.5 येतं. अख्खा वक्र उजवीकडे ताणला जातो, उंची तीच राहते.

उंचीच चुकली, तर संशय मिठावर घ्या. पुष्कळदा पुढचा प्रयोग मिठाच्या परिणामाचाच असतो आणि ब्युरेट नीट धुतलेलं नसतं. मीठ पाण्यात विरघळतं, फिनॉलमध्ये जवळजवळ नाही, त्यामुळे दोघे एकमेकांपासून आणखी दूर सरतात. पाण्यात 1 टक्का मीठ असलं तरी सीएसटी दहा-बारा अंशांनी चढतं.

एखादाच बिंदू वक्राबाहेर उडाला असेल तर घाईने तापवलेलं असतं. गढूळपणा जातानाचं आणि निववताना परत येतानाचं, दोन्ही तापमानं घेऊन सरासरी काढा. दोहोंत दोन अंशांहून जास्त फरक असेल तर ती नळी पुन्हा करा, ढवळणं न थांबवता. हातमोजे मात्र काढू नका: फिनॉल त्वचा बधिर करतं, भाजल्याचं उशिरा कळतं.